दिवसाला दीड हजारांचा फरक, बिलात एकोणीस हजारांची कपात: सोलापुरातल्या एका कॅशलेस बिलाचा उभा-आडवा हिशेब

एकच बिल घेऊन ते पहिल्या ओळीपासून परत मिळालेल्या डिपॉझिटपर्यंत वाचायचे, एवढेच या प्रकरणात केले आहे. कॅशलेस बिलांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी इथे एका रुग्णाच्या भोवती एकत्र केल्या आहेत आणि आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा इतके सोपे ठेवले आहेत. हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांची नावे म्हणूनच दिलेली नाहीत.

रात्री सव्वाअकराचा निर्णय

अक्कलकोटच्या 54 वर्षांच्या एका बाईंना सोमवारी संध्याकाळपासून उजव्या बरगडीखाली कळा येत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे आणि सूज दिसली, आणि सोलापूरला न्यायला सांगितले. होटगी रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये त्या रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी दाखल झाल्या. सोबत मुलगा होता. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. घरच्या चौघांची मिळून 3 लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी होती. ती पाचव्या वर्षात असल्यामुळे खड्यांसाठीचा प्रतीक्षा कालावधी केव्हाच संपला होता, आणि हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये होते. म्हणजे कॅशलेसला अडचण असे काही नव्हते.

काउंटरवर संवाद झाला तो असा. "दादा, ट्विन शेअरिंगला आत्ता एकही बेड नाही. सिंगल एसी देऊ का? इन्शुरन्स आहे ना तुमचं, मग काय टेन्शन?" मुलगा हो म्हणाला. आई कळवळत असताना दुसरे कोणी काय म्हणणार? ट्विन शेअरिंगचा दर दिवसाला 3,000 होता आणि सिंगल एसीचा 4,500, दोन्ही नर्सिंगसह. फरक दीड हजारांचा. चार दिवसांचे फार तर सहा हजार जातील असे त्याने मनात धरले.

पॉलिसीच्या पानावर मात्र एक ओळ होती: खोलीभाडे दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंत. 3 लाखांचा 1 टक्का म्हणजे 3,000. ट्विन शेअरिंग या मर्यादेत नेमके बसत होते, सिंगल एसी बसत नव्हते. आणि मर्यादा ओलांडली की फक्त खोलीतला फरक भरून सुटका होत नाही, हे त्या काउंटरवर कोणी सांगितले नाही.

अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. त्या रात्री कागदावर लिहून घ्यायचे की पात्र वर्गातला बेड उपलब्ध नव्हता, आणि त्याच कागदावर बेड मोकळा होताच हलवण्याची विनंती नोंदवायची. एवढ्याने विमा कंपनी बांधली जात नाही, पण पुढे हॉस्पिटलशी बोलताना हातात काहीतरी असते. दुसरे म्हणजे, बेड नसेल तर सिंगल खोली द्या पण दर ट्विनचाच लावा, असे स्पष्ट विचारायचे. पुष्कळ हॉस्पिटले एखाद्या रात्रीपुरते हे मान्य करतात. न विचारता मात्र कोणी करत नाही. या कुटुंबाने यातले काहीच केले नाही, आणि बुधवारी ट्विनचा बेड मोकळा झाल्याचे त्यांना शुक्रवारी कळले.

त्याच रात्री 25,000 रुपये यूपीआयने भरून घेतले गेले. पावतीवर शब्द होता "अॅडव्हान्स". इन्शुरन्स डेस्क सकाळी उघडतो, मंजुरी आली नाही तर हॉस्पिटलचे पैसे अडकू नयेत, म्हणून रात्रीच्या रुग्णाकडून ही रक्कम घेतली जाते. ती उपचाराची किंमत नसते, तारण असते. शेवटी रुग्णाच्या वाट्याला जेवढे येईल तेवढे तिच्यातून वळते करून बाकीचे परत द्यायचे असतात. पावती जपून ठेवली पाहिजे, कारण अंतिम बिलात "अॅडव्हान्स वजा" ही ओळ तिच्याच क्रमांकाने येते.

मंगळवारी सकाळी 10 वाजता डेस्कने प्री-ऑथ, म्हणजे उपचारांच्या पूर्वमंजुरीचा अर्ज, पाठवला आणि तासाभराच्या आत 40,000 ची प्राथमिक मंजुरी आली. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार प्री-ऑथवर एका तासात निर्णय द्यायचा असतो. हा 40,000 चा आकडा पाहून घरात धास्ती पसरली, की वरचे सगळे आपल्यालाच भरावे लागणार. तसे नसते. पहिली मंजुरी ही उपचार सुरू करायची हमी असते, खर्च वाढला की हॉस्पिटल वाढीव मंजुरी मागते, आणि खरा हिशेब डिस्चार्जच्या बिलावर होतो.

कच्चे बिल हातात घेतल्यावर

मंगळवारी इंजेक्शने आणि सलाईनवर सूज उतरवली. बुधवारी सकाळी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. शुक्रवारी सकाळी साडेदहाला डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला. मुलाने इथे एक गोष्ट फार चांगली केली. बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, जाण्याआधी त्याने कच्च्या बिलाची प्रत आणि सगळ्या फार्मसी पावत्या मागितल्या. अंतिम मंजुरी आल्यानंतर चूक सापडली तर पूर्ण बिल पुन्हा पाठवावे लागते आणि पुन्हा तासन्‌तास थांबावे लागते. बिल निघण्याआधी तीच चूक काउंटरवर दहा मिनिटांत दुरुस्त होते.

कच्चे बिल आणि दुरुस्तीनंतरचे बिल असे होते:

| बाब | कच्चे बिल | दुरुस्त बिल |
|---|---|---|
| खोली (पॅकेजबाहेरचे दिवस) | 13,500 | 9,000 |
| डॉक्टर व्हिजिट | 5,400 | 3,600 |
| तपासण्या | 8,400 | 8,400 |
| औषधे व साहित्य | 11,800 | 9,100 |
| शस्त्रक्रिया पॅकेज | 54,000 | 54,000 |
| नोंदणी व फाइल | 900 | 900 |
| एकूण | 94,000 | 85,000 |

नऊ हजार रुपये कमी झाले, आणि तिन्ही दुरुस्त्यांचे मूळ एकच होते: पॅकेजमध्ये काय येते हे कोणी पाहिले नव्हते. बिलिंगच्या संगणकात पॅकेज वेगळ्या खिडकीत चढते आणि खोली, व्हिजिट, औषधे वॉर्डकडून आपोआप चढत राहतात. दोन्हींचा मेळ माणसाने घालायचा असतो. डिस्चार्जच्या गर्दीत तो राहून जातो. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही, पण रक्कम आपल्या खिशातून किंवा आपल्या विमा रकमेतून जाते हे खरे.

या हॉस्पिटलच्या पॅकेजच्या कागदावर लिहिले होते: सर्जन व सहायक, भूल, ऑपरेशन थिएटर, थिएटरमधील औषधे व साहित्य, शस्त्रक्रियेच्या दिवसापासून दोन दिवसांची खोली आणि त्या दोन दिवसांतील सर्जनच्या व्हिजिट. हा कागद मिळाल्याशिवाय पॅकेजचे बिल तपासता येत नाही, म्हणून तो मागायचाच. "लॅप कोली पॅकेज 54,000" या एका ओळीतून काहीही कळत नाही.

आता खोली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा पाच तारखा पडल्या. त्यांतून पॅकेजचे दोन दिवस वजा करून संगणकाने तीन दिवस लावले. पण दिवस मोजायची रीत हॉस्पिटलागणिक वेगळी असते. कुठे तारखेप्रमाणे, कुठे दुपारी 12 ते 12 अशी हॉटेलसारखी, कुठे दाखल झाल्या वेळेपासून 24 तासांचा एक दिवस. इथल्या दाखल्याच्या फॉर्मवर, खाली बारीक अक्षरांत, 24 तासांची रीत छापलेली होती. सोमवारी रात्री 11:20 पासून शुक्रवारी रात्री 11:20 पर्यंत चारच दिवस होतात. दोन पॅकेजमध्ये, दोन बाहेर. सोमवारच्या रात्रीच्या चाळीस मिनिटांचा पूर्ण दिवस लावला गेला होता, तो 4,500 चा. फॉर्मवर 12 ते 12 ची रीत छापलेली असती तर मात्र पाच दिवस बरोबर ठरले असते आणि भांडून उपयोग नव्हता. म्हणून रात्री उशिरा दाखल होताना दिवस कसा मोजता हे विचारून ठेवावे.

व्हिजिट सहा लावल्या होत्या, प्रत्येकी 900: सोमवारी रात्री एक, मंगळवारी दोन, आणि पुढे रोज एक. बुधवार आणि गुरुवारच्या दोन पॅकेजमध्येच होत्या. 1,800 कमी झाले.

औषधांची चूक शोधायला सगळ्यात वेळ लागला, आणि तीच सगळ्यात शिकण्यासारखी आहे. फार्मसीच्या प्रत्येक पावतीवर तारीख, वेळ आणि माल कुठे दिला त्याचे नाव असते: वॉर्ड, आयसीयू किंवा ओटी. बुधवारी सकाळी 9:40 ची एक पावती ओटीच्या नावावर होती. टाके घालायचा धागा, क्लिप, भुलीची औषधे, सलाईन, मिळून 2,700. हे सगळे पॅकेजमध्ये धरलेले असूनही औषधांच्या बेरजेत पुन्हा आले होते. पावत्या तारखेच्या क्रमाने लावायच्या, शस्त्रक्रियेच्या वेळेच्या आसपासच्या वेगळ्या काढायच्या, एवढे केले की हे लगेच दिसते. त्याच ढिगात परत केलेल्या औषधांच्या पावत्याही शोधायच्या. वॉर्डमध्ये न वापरलेली इंजेक्शने फार्मसीत परत जातात, तेव्हा बिलात तेवढी रक्कम उणे दिसली पाहिजे. इथे ती दिसत होती.

आणखी एक सवय उपयोगी पडते. बिलात नुसते "सर्जिकल किट" असे लिहिले असेल तर त्यात काय काय होते त्याची फोड जोडून घ्यायची. तपशील नसलेले किट विमा कंपनी देत नाही, आणि मग आतल्या देय वस्तूंचे पैसेही रुग्णावर पडतात.

मंजुरीपत्र: 53,100 कुठून आले

दुपारी 1 वाजता 85,000 चे बिल टीपीएकडे गेले. अंतिम मंजुरीसाठी विमा कंपनीला तीन तासांची मुदत आहे. तिच्याहून जास्त उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर ती विमा कंपनीने सोसायची असते. इथे 2:40 ला पत्र आले. त्यात चार आकडे होते: न देय 2,200, प्रपोर्शनेट कपात 27,600, हॉस्पिटल डिस्काउंट 2,100 आणि मंजूर 53,100.

काउंटरवर सरळ वजाबाकी झाली. 85,000 मधून 53,100 गेले, उरले 31,900. डिपॉझिट 25,000 जमा आहे, आणखी 6,900 भरा आणि घरी जा. बहुतेक घरे इथे पैसे भरून मोकळी होतात. आईला घरी न्यायची घाई असते, आणि पत्रावर कंपनीचा शिक्का असला की ते बरोबरच असणार असे वाटते.

चार आकड्यांपैकी न देय रक्कम बरोबर होती. ग्लोव्ह्ज, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, थर्मामीटर अशा वस्तूंचे 1,300, आणि नोंदणी व फाइलचे 900. विम्यात न देय वस्तूंच्या चार ठरलेल्या याद्या आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तू मिळतच नाहीत. बाकीच्या तिन्ही याद्यांतल्या वस्तू खोलीच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या खर्चात मिसळलेल्या मानल्या जातात. नोंदणी आणि फाइल याच प्रकारात मोडतात, म्हणून त्या वेगळ्या का लावल्या हा प्रश्न विमा कंपनीला नाही, हॉस्पिटलला विचारायचा. या हॉस्पिटलने ते 900 सोडले नाहीत.

आता मोठा आकडा, 27,600. सिंगल एसीचा दर 4,500, पात्रता 3,000. म्हणजे पात्रता दोन-तृतीयांश. विमा कंपनीचे म्हणणे असे की खोलीचा वर्ग चढला की सर्जन, भूल, थिएटर, व्हिजिट या सगळ्यांचे दर चढतात, मग आम्ही ते सगळे त्याच प्रमाणात देऊ. हे म्हणणे निराधार नाही. याच हॉस्पिटलात ट्विनची व्हिजिट 600 ची आहे आणि सिंगलची 900 ची. पॅकेज ट्विनला 46,000 आणि सिंगलला 54,000. टीपीएने न देय वगळून उरलेल्या 82,800 ला सरळ दोन-तृतीयांशाने गुणले. 55,200 उरले, 27,600 कापले गेले.

चूक इथे आहे. प्रमाणात कपात ही पॉलिसीतल्या "असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस" या व्याख्येत बसणाऱ्या खर्चालाच लावता येते. 2020 साली आयआरडीएआयने त्या व्याख्येतून तीन गोष्टी बाहेर ठेवायला सांगितल्या: औषधे व वापरून टाकायचे साहित्य, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे, आणि तपासण्या. आयसीयूच्या खर्चालाही ही कपात लागत नाही. कारण समजायला सोपे आहे. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनची किंमत रुग्ण कोणत्या खोलीत झोपला त्यावर बदलत नाही, आणि लिव्हर फंक्शन टेस्टही या हॉस्पिटलात सगळ्यांना एकाच दराने होते. जो खर्च खोलीप्रमाणे बदलतच नाही तो खोलीप्रमाणे कापायचा नाही. त्याच तत्त्वाने, एखादे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलतच नसेल, तर तिथे प्रमाणात कपात मुळातच लागत नाही. लहान नर्सिंग होममध्ये हे पुष्कळदा लागू पडते, आणि तसे पत्र हॉस्पिटलकडून घेऊन टीपीएला पाठवता येते.

मुलाने पॉलिसीच्या पुस्तिकेतून ही व्याख्या शोधली आणि डेस्कवर दाखवली. तपासण्यांच्या 8,400 वर लागलेले 2,800 परत यायला हवे होते. औषधांतल्या देय 7,800 वर लागलेले 2,600 सुद्धा. या दोन्हींवर डेस्कवरच्या मॅडमनी वाद घातला नाही.

पॅकेजवर मात्र त्या अडल्या. पॅकेज एकच रक्कम आहे, त्यात औषधे किती हे कसे सांगणार? यावर उपाय असतो तो पॅकेजच्या फोडीचा. हॉस्पिटलने लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, अशी फोड दिली: दोन दिवसांची खोली 9,000, सर्जन व सहायक 21,000, भूल 6,000, थिएटर 9,000, थिएटरमधली औषधे व साहित्य 9,000. एकूण 54,000. शेवटच्या 9,000 वर कपात लागत नाही, म्हणजे आणखी 3,000 परत. इम्प्लांट असलेल्या शस्त्रक्रियेत, म्हणजे गुडघा, खुबा किंवा स्टेंट, ही फोड याहून कितीतरी मोलाची ठरते, कारण तिथे पॅकेजचा फार मोठा भाग त्या वस्तूचाच असतो.

तीन परतावे मिळून 8,400. कपात 27,600 वरून 19,200 वर आली. खोलीचे 3,000, व्हिजिटचे 1,200 आणि पॅकेजचे 15,000. ही मात्र पॉलिसीच्या भाषेप्रमाणे बसणारी कपात होती.

एक टोचणारी गोष्ट इथे सांगायला हवी. कपातीनंतर पॅकेजपोटी विमा कंपनीने दिले 39,000. रुग्ण ट्विनमध्ये असत्या तर हीच कंपनी 46,000 देणार होती. म्हणजे वरच्या खोलीची निवड केल्यामुळे कंपनीचा खर्च कमीच झाला. काही कंपन्या अशा वेळी पात्र वर्गाचा पॅकेज दर मान्य करतात, म्हणून तशी मागणी लेखी जरूर करावी. इथे ती नाकारली गेली, पॉलिसीच्या शब्दांवर बोट ठेवून.

डिस्काउंटची ओळ

2,100 चा हॉस्पिटल डिस्काउंट हा हॉस्पिटल आणि विमा कंपनी यांच्यातल्या कराराचा भाग असतो. इथे तो खोली, व्हिजिट आणि तपासण्यांच्या 21,000 वर 10 टक्के होता. हॉस्पिटलने नेटवर्कमध्ये येताना दिलेली ही सूट आहे. ती हॉस्पिटलने सोसायची, रुग्णाकडून वसूल करायची नाही. पण काउंटरवर जेव्हा "एकूण बिल वजा मंजूर रक्कम" अशी वजाबाकी होते, तेव्हा डिस्काउंट गुपचूप रुग्णाच्या वाट्यात शिरतो. वरच्या 31,900 मध्ये तो होता.

म्हणून रुग्णाचा वाटा वजाबाकीने काढायचा नाही, बेरजेने काढायचा. मंजुरीपत्रात रुग्णाने भरायच्या म्हणून ज्या ओळी आहेत, म्हणजे न देय, प्रमाणात कपात, आणि असल्यास को-पे, म्हणजे दाव्यातला रुग्णाने सोसायचा ठरलेला हिस्सा, किंवा मर्यादेवरची रक्कम, तेवढ्यांचीच बेरीज करायची. या पॉलिसीत को-पे नव्हता. बेरीज झाली 2,200 अधिक 19,200, म्हणजे 21,400.

साडेतीनला पॅकेजची फोड आणि पॉलिसीतल्या व्याख्येचे पान जोडून डेस्कने फेरविचाराची विनंती पाठवली. 6:40 ला सुधारित पत्र आले: मंजूर 61,500. ताळा घेऊन पाहायचा: 61,500 मंजूर, 2,100 डिस्काउंट, 21,400 रुग्णाचे, एकूण 85,000. डिपॉझिट 25,000 होते, त्यातून 21,400 गेले आणि 3,600 परत द्यायचे ठरले. दुपारी 6,900 भरायचे होते, संध्याकाळी 3,600 घ्यायचे होते. दाखल्याच्या वेळेपासूनचे चौथे 24 तास रात्री 11:20 ला संपणार होते, म्हणून थांबल्याचा वेगळा दिवसही लागला नाही.

सुधारित पत्र वेळेत आलेच नसते तर? तर मागितलेली रक्कम भरून "आक्षेप राखून भरले" असे पावतीच्या प्रतीवर आणि मेलमध्ये लिहायचे, सगळे कागद घ्यायचे आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. डिस्काउंट वसूल करणे किंवा दरपत्रकाबाहेर आकारणी यांसारख्या हॉस्पिटलच्या तक्रारी लोकपालाकडे चालत नाहीत. शहरातल्या हॉस्पिटलसाठी त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे न्यायच्या, कारण नर्सिंग होमची नोंदणी तिथे होते.

डिपॉझिट परत घेताना

3,600 लगेच मिळाले नाहीत. काउंटरचे म्हणणे होते की विमा कंपनीचे पैसे जमा झाले की बघू. हे पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळते. पण अंतिम मंजुरी आल्यावर रुग्णाचा वाटा ठरलेला असतो. कंपनी हॉस्पिटलला पैसे कधी देते हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. मुलाने अंतिम बिलावर "अॅडव्हान्स 25,000, रुग्णाचा वाटा 21,400, परतावा देय 3,600" अशी ओळ छापून घेतली, खाली सही घेतली आणि ज्या खात्यातून यूपीआय केले होते त्याच खात्यात परतावा पाठवायला सांगितले. मंगळवारी पैसे आले. ही ओळ नसती तर दोन महिन्यांनी त्या रकमेचा माग काढायला काउंटरवर कोणीच उरले नसते, कारण बिलिंगची माणसे बदलत राहतात.

घरी जाताना त्याने घेतले ते असे: डिस्चार्ज समरी, अंतिम बिल आणि त्याची फोड, फार्मसीच्या सगळ्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, दोन्ही मंजुरीपत्रे, अॅडव्हान्सची पावती आणि पॅकेजच्या फोडीचे पत्र. अक्कलकोटला सोमवारी केलेल्या सोनोग्राफीची मूळ पावती त्याच पिशवीत ठेवली. या पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. तो कॅशलेसमध्ये येत नाही, वेगळा दावा करून मागावा लागतो. टाके काढायला आले तेव्हाची फी आणि घरी सुरू राहिलेल्या गोळ्यांची बिले डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जमवून, 60 दिवस पूर्ण झाल्यावर तो दावा एकदमच पाठवायचा असे त्याने ठरवले. फ्लोटरमध्ये आता वर्षअखेरपर्यंत चौघांना मिळून 2,38,500 उरले होते, आणि त्या दाव्याची रक्कमही त्यातूनच जाणार होती.